चहाला नाही म्हणताना

यवतमाळकडच्या एखाद्या गावात कापूसवेचणीच्या दिवसांत एक संशोधक आलाय, असं समजा. त्याला मराठी येत नाही, म्हणून सोबत दुभाषी आहे. वावरातलं काम संपवून निघताना घरच्या काकू म्हणतात, ‘‘या नं भाऊ, चाय घेऊन जा.’’ पाहुणा हसून म्हणतो, ‘‘नो, थँक यू. आय अ‍ॅम फाइन.’’ दुभाषी शब्दाला शब्द ठेवून सांगतो, ‘‘नाही, धन्यवाद. मी ठीक आहे.’’ काकूंचा चेहरा उतरतो.

पाहुण्याचं इंग्रजी वाक्य अगदी सभ्य होतं. मग बिघडलं कुठे? पेनेलोप ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाशास्त्रज्ञांनी 1978मध्ये सभ्यतेविषयी एक मांडणी केली, ती इथे कामी येते. त्यांच्या मते माणसाच्या दोन गरजा असतात. आपल्यावर कुणी दडपण आणू नये ही एक, आणि आपल्याला कुणी आपलं म्हणावं ही दुसरी. इंग्रजीतला हा नकार पहिली गरज जपतो. तुम्ही विचारलंत याबद्दल आभार, माझं काही अडलेलं नाही, तुम्ही त्रास घेऊ नका, असा त्याचा आशय. काकूंचं बोलावणं मात्र दुसऱ्या गरजेतून आलेलं असतं.

त्यामुळे ‘धन्यवाद’ इथे उलटा पडतो. हा शब्द सभेत, पत्रात शोभतो. दारात तो ऐकला की समोरचा आपल्याला परकं समजतो असं वाटतं. ‘मी ठीक आहे’चा तर अर्थच लागत नाही, कारण तब्येत कुणी विचारलेली नसते. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे नकाराला कारण दिलेलं नाही. कुणी कुणाच्या घरचं पाणी प्यायचं यावरून जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसांना दूर ठेवलं गेलं, तिथे बिनकारणाचं ‘नको’ म्हणजे ‘तुमच्या घरचं आम्हाला चालत नाही’ असंही ऐकू येऊ शकतं. ही जखम माहीत नसलेल्या दुभाष्यानं गावात दुभाषीपण करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

मग काकूंना नाही कसं म्हणायचं? गावातला माणूस म्हणेल, ‘‘राहू द्या नं काकू, आत्ताच घेऊन निघालो. पुढच्या खेपेले जेवाले येतो.’’ यात आधी नात्याची हाक आहे, मग आपल्या मर्जीबाहेरचं कारण, आणि शेवटी चहापेक्षा मोठं आश्वासन. काकू त्यावर ‘‘असं कसं चालंन?’’ म्हणणारच. पहिला नकार अनेकदा संकोचाचा असतो हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून आग्रह होतो. आग्रहानंतरही नकार टिकला, आणि कारण उपासाचं किंवा शुगरचं निघालं, की काकू थांबतात. ‘‘मग पाणी तरी घ्या,’’ म्हणतात. ते पाणी प्यावं. चहा टळतो, घर टळत नाही.

व्याकरणही या कामाला हातभार लावतं. ‘मला भूक नाही’, ‘मला जमणार नाही’, ‘मला नको’ या वाक्यांत ‘मी’ कर्ता म्हणून पुढे येत नाही. भूक नसणं, न जमणं हे जणू माझ्यावर येऊन पडलेलं असतं, त्यामुळे नकाराची धार कमी होते. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘आय’ कर्ता होऊन पुढे येतो. मग धार कमी करायला ती भाषा ‘वुड’, ‘कुड’सारखी रूपं वापरते, आणि भूतकाळी वळण देऊन बोलणं जरा लांब नेते.

म्हणूनच उलट्या दिशेनंही घोटाळा होतो. याच गावातला मुलगा शहरात नोकरीला लागतो, साहेब कॉफी विचारतो, आणि तो मनातल्या ‘मला नको’चं सरळ ‘आय डोन्ट वॉन्ट’ करतो. त्याच्या मराठीत नम्रता होती. इंग्रजीत मात्र ‘वॉन्ट’मुळे त्याची इच्छाच उघडी पडते आणि वाक्य झिडकारल्यासारखं लागतं. भाषाशास्त्रज्ञ जेनी थॉमस यांनी 1983मध्ये अशा चुकांचा अभ्यास मांडला. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, याला भाषा कच्ची येते. पण अशी चूक झाली तर तो म्हणतो, हा माणूसच उर्मट आहे. अस्खलित बोलणाऱ्याला तर ही चूक जास्त महागात पडते, कारण त्याला भाषा येत नसेल अशी शंकाच कुणाला येत नाही.

‘पाहू’चं भाषांतर सगळ्यात अवघड. पेरणीच्या तोंडावर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागितला आणि तो ‘‘पाहू नं भाऊ’’ म्हणाला, तर इंग्रजीत ‘वुई विल सी’ करून चालत नाही. ऐकणारा उत्तराची वाट पाहत बसतो. शेजाऱ्यानं बहुधा नाही म्हटलेलं असतं, फक्त मागणाऱ्याला खाली पाहायला लावलेलं नसतं. ओळखायची खूण वाक्याच्या शेपटात असते. नुसतं ‘पाहू’ असेल तर दुसरा ट्रॅक्टर शोधावा. ‘‘पाहू, सोमवारी सकाळी फोन करजा,’’ असं दिवस-वेळ धरून आलं, तर सोमवारी फोन करावा.