रिकामं घरटं आणि हॉस्पिटलातून आलेला समज

अ‍ॅडमिशनच्या याद्या लागल्या, हॉस्टेलच्या गाद्या-बादल्यांची खरेदी उरकली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख हमखास फिरायला लागतो: ‘एम्प्टी नेस्ट सिंड्रोमची दहा लक्षणं’. शेवटचं मूल घराबाहेर पडलं की आईला नैराश्य येतं, नवरा-बायकोत बोलायला काही उरत नाही, झोप उडते, वगैरे. खाली बहुतेक वेळा कुठल्या तरी समुपदेशन पॅकेजचा नंबर असतो. यंदा त्यात वास्तुवाल्यांचीही भर पडलेली पाहिली. मुलाची खोली वायव्येला असली की मूल घरात टिकत नाही म्हणे. पुण्या-बंगळुरूकडे निघालेली लाखो मुलं एकाच दिशेच्या खोलीत कशी काय झोपत होती, हे त्यांनी सांगितलेलं नाही.

तर पहिली गोष्ट. ‘एम्प्टी नेस्ट सिंड्रोम’ नावाचा आजार मानसोपचाराच्या अधिकृत याद्यांमध्ये नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात नाही आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीतही नाही. मूल गेल्यावर वाईट वाटतं हे खरंच आहे, ते नाकारायचं काही कारण नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि आजार वेगळा. मग हा आजार सगळ्यांना इतका खरा का वाटतो? या प्रश्नाचं उत्तर मला या विषयातलं सगळ्यात रंजक प्रकरण वाटतं, आणि ते मानसशास्त्राइतकंच मोजमापाचं आहे.

१९७० साली पॉलीन बार्ट या समाजशास्त्रज्ञ बाईंचा एक गाजलेला अभ्यास आला. लॉस एंजेलिसच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मध्यमवयीन स्त्रियांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. नैराश्याने आजारी पडलेल्यांत, मुलांभोवतीच सगळं आयुष्य गुंफलेल्या गृहिणी जास्त दिसल्या. बार्टबाईंचं म्हणणं नेमकं होतं: ज्या बाईला आईपणाशिवाय दुसरी ओळखच उरू दिली जात नाही, तिची ती एकमेव ओळख सुटली की ती कोसळते. लोकांपर्यंत पोचताना मात्र त्याचं ‘मुलं गेली की आया कोसळतात’ असं झालं.

घोळ इथेच आहे. रुग्णालयात दाखल झालेल्यांकडे पाहून आपल्याला आजारी कोण पडलं एवढं कळतं. मुलं गेल्यावर किती जणी आजारी पडल्या नाहीत, हे त्या नोंदींत कधीच येत नाही. रस्त्यावरून सुखरूप घरी गेलेल्यांची नोंद अपघात विभागात कशी सापडणार?

बरं, मग सरळ समाजात जाऊन मुलं घरी असलेल्या आणि नसलेल्या आईबापांची तुलना केली तर? ऐकायला चोख वाटतं, पण त्यातही गोची आहे. रिकाम्या घरातले आईबाप सरासरीने वयाने मोठे असतात, त्यामुळे गुडघे, रक्तदाब, निवृत्ती हे सगळं त्यांच्या बाजूला जमा होतं आणि खापर मात्र रिकाम्या घरावर फुटतं. उलटंही घडतं. आपल्याकडे वडील गेले, आईला भोवळ यायला लागली, की मुलगा तिला आपल्याकडे घेऊन येतो. म्हणजे सगळ्यात आजारी, सगळ्यात एकट्या बायका ‘मुलांसोबत राहणाऱ्या’ या रकान्यात मोजल्या जातात आणि रिकामं घर उगाच निरोगी दिसतं. दोन चुका विरुद्ध दिशांना ओढतात आणि हातात आलेल्या आकड्यावरून कोणती जिंकली ते कळत नाही.

यावर उपाय एकच. तीच माणसं घ्यायची, मूल घरात असताना त्यांना विचारायचं आणि मूल गेल्यावर पुन्हा तेच विचारायचं. हे कंटाळवाणं आणि महागडं काम आहे, कारण मूल कधी जाणार हे आधी माहीत नसतं. पन्नास बायका घेतल्या तर त्या वर्षी पाच जणींचीच मुलं बाहेर पडतील. म्हणून शेकडो जणी घ्यायच्या आणि वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहायचं.

मेलबर्नमध्ये लोरेन डेनरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. ४५ ते ५५ वयाच्या ४३८ ऑस्ट्रेलियन स्त्रिया त्यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला निवडल्या. मूळ विषय रजोनिवृत्ती हा होता, म्हणजे यात मुलांची गोष्ट बाजूने आली. दरवर्षी प्रत्येकीला भेटायचं, मनःस्थितीची प्रश्नावली भरून घ्यायची, रोजच्या कटकटी मोजायच्या आणि घरात सध्या कोण कोण राहतं तेही लिहून घ्यायचं. वर्षं सरली तशी एकेकीची मुलं बाहेर पडत गेली आणि प्रत्येक बाई स्वतःच्याच आधीच्या नोंदीशी ताडून पाहता आली. बाई तीच, स्वभाव तोच, बदललं ते घरातलं माणूस.

२००२ साली निष्कर्ष छापून आले. शेवटचं मूल गेल्यावर बहुतेकींची मनःस्थिती सुधारली होती आणि रोजच्या कटकटींचा आकडा खाली आला होता. त्यातली काही मुलं पुढे परत राहायला आली, आणि ती आल्यावर नवरा-बायकोतला शरीरसंबंध कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. आपल्याकडे एक खोली-किचनमध्ये संसार केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

इथपर्यंत ‘काय होतं’ ते कळलं. ‘का होतं’ याचं मला आवडणारं उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. ओकलंडच्या मिल्स कॉलेजमधून १९५८ आणि १९६० साली बाहेर पडलेल्या मुलींचा पाठपुरावा रेव्हेना हेल्सन यांनी अनेक दशकं केला. त्यातल्या १२३ जणींची चाळिशी, पन्नाशी आणि साठीतली उत्तरं घेऊन सारा गोर्चॉफ, ऑलिव्हर जॉन आणि हेल्सन यांनी २००८ साली एक लेख प्रसिद्ध केला. लग्नातलं समाधान या अठरा वर्षांत वाढलं होतं, आणि मुलं घराबाहेर पडण्याचा त्याच्याशी संबंध होता.

आता आपण म्हणू, साहजिकच आहे, एकमेकांना वेळ मिळाला असेल. संशोधकांनी इथे दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या होत्या: नवऱ्यासोबत किती वेळ जातो, आणि तो वेळ कितपत छान जातो. इथून पुढे जरा सावकाश वाचा. मुलं गेल्याने वेळ वाढला आणि वेळेमुळे समाधान वाढलं अशी साखळी असेल, तर पहिली कडीही दिसायला हवी. ती दिसली नाही. मुलं गेल्याने सोबतच्या वेळेत वाढ झालेली नव्हती. दुसरी साखळी मात्र दोन्ही कड्यांसकट मिळाली: मुलं गेल्यावर सोबतचा वेळ जास्त सुखाचा वाटायला लागला, आणि ज्यांना तो तसा वाटला त्यांचं लग्नातलं समाधान वाढलं. संख्याशास्त्रात याला मध्यस्थ घटक शोधणं म्हणतात. कारण आणि परिणाम यांच्या मधे उभा राहणारा माणूस कोण, ते हुडकायचं.

नाशिकचं एखादं घर डोळ्यांसमोर आणू. तो बँकेत, ती शाळेत, धाकटी बारावीला. रात्री आठ ते दहा दोघं घरातच असतात, म्हणजे वेळ दोन तास. त्यातलं संभाषण असं:

“अहो, नऊला क्लास सुटतो, आज तुम्ही जाताय ना आणायला?”

“कालही मीच गेलो होतो. आणि तिला सांग, मोबाइल बाजूला ठेव म्हणावं.”

“मीच का सांगू दरवेळी?”

धाकटी पुण्याला गेली. रात्री आठ ते दहा दोघं अजूनही घरातच आहेत, वेळ तेवढाच, दोन तास. पण क्लास नाही, मोबाइलचा वाद नाही, ‘कुणाची पाळी’ नाही. जेवण सव्वाआठला उरकतं आणि भाजी दोघांच्या आवडीची होते. पहिले काही आठवडे पोळ्या जास्त होतात, मुलीच्या खोलीचा दिवा लावून पाहिला जातो, डोळेही भरून येतात. ते आणि हा हलकेपणा एकाच घरात, एकाच संध्याकाळी नांदतात. मेलबर्नच्या आकड्यांतली ‘कटकटी घटल्या’ ही ओळ प्रत्यक्षात बहुधा अशीच दिसत असावी.

या निष्कर्षांना एक अट मात्र आहे. लिन व्हाइट आणि जॉन एडवर्ड्स यांनी १९९० साली अमेरिकेतल्या आईबापांच्या आधी-नंतरच्या मुलाखती तपासल्या. लग्नातला आनंद सर्वसाधारणपणे सगळ्यांचाच वाढला होता. आयुष्याबद्दलचं एकूण समाधान मात्र बाहेर राहणाऱ्या मुलांशी वारंवार संपर्क असलेल्यांचंच वाढलं. म्हणजे रोज संध्याकाळी ‘जेवलीस का?’ विचारणारा फोन हा मुलीला वाटतो तितका निरर्थक नाही.

आता मर्यादा. मिल्सच्या बायका शिकलेल्या आणि जवळजवळ सगळ्या गोऱ्या. मेलबर्नच्याही पन्नाशीच्या आसपासच्या. बापांबद्दलचं संशोधन एकूणच तुटपुंजं आहे. चीनमध्ये ‘रिकाम्या घरट्यातले’ हा शब्द सहसा म्हाताऱ्यांसाठी वापरतात. गावात मागे राहिलेले, पेन्शन नसलेले, औषधाला सोबत हवी असलेले. तिथे चित्र बरंच उदास आहे, इतकं की मुलांनी आईवडिलांना भेटायला जावं असं कलम १ जुलै २०१३ पासून कायद्यातच आलं. मराठवाड्यातल्या गावात दोघंच राहणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याला नाशिकच्या त्या बँकवाल्याचे निष्कर्ष लावले तर ती थट्टा होईल. एकाचं काम हलकं होतं, दुसऱ्याचा आधार जातो. एकाच नावाखाली या दोन वेगळ्या घटना आहेत.

आपल्याकडे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत २०१७-१८ साली ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा झाली. त्यावरून ‘एकटे राहणारे जास्त निराश’ अशा बातम्या येतात. आकडे खोटे नाहीत, पण एकाच फेरीचे आहेत, म्हणजे वर सांगितलेली गोची त्यांत जशीच्या तशी आहे. त्याच माणसांना पुन्हा गाठण्याच्या हिशेबानेच ही पाहणी आखलेली आहे, आणि खरं उत्तर त्या पुढच्या फेऱ्यांतून मिळेल.

तोवर घरात एक गोष्ट ओळखता यायला हवी. नुसत्या आठवणीचं वाईट वाटणं लाटेसारखं येतं. फोन आला, पाहुणे आले, आवडीची मालिका लागली की ओसरतं. पण दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, जोडीला झोप-भूक बिघडली असेल, थकवा असेल, ‘आपला काही उपयोग नाही’ असं वाटत असेल, तर ते मुलगी पुण्याला गेल्याच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नये. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास थांबते आणि धाकटं मूलही नेमकं तेव्हाच बाहेर पडतं. थायरॉइड मंदावण्याचे प्रकारही या वयात बरेच. अशा वेळी फॅमिली डॉक्टरांना मुलीच्या हॉस्टेलबद्दल जरूर सांगावं, पण सोबत टीएसएच आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं, आणि त्यांनी सुचवलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला कचरू नये.