चिडचिड वयाची की नैराश्याची?

"वयात आलेली पोरं चिडतातच, आपोआप निवळतं."

वयाची चिडचिड टिकत नाही. सकाळी दार आपटणारा मुलगा संध्याकाळी मळ्यातल्या भरीत पार्टीत हसतो. नैराश्यात सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ तेच: क्रिकेट सुटतं, पहाटे तीनलाच झोप उडते, भरीत-पुरीच्या ताटावरूनही तो उठतो. किशोरवयात उदासी बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडण्यातून दिसते. घरचे तिथेच फसतात.

डॉक्टर नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ चाचणी घेतात, प्रत्येकी ० ते ३ गुण. मुलाने ती एकट्याने भरावी. आई शेजारी बसली की उत्तरं गोड होतात. बेरीज १० किंवा जास्त आली तर सविस्तर तपासणी, लगेच गोळ्या नव्हेत. पण बेरीज ८ आणि मरणाच्या विचारांच्या नवव्या प्रश्नाला १ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांनी त्याच्याशी एकांतात बोलायला हवं.