बसस्थानकावरील उद्घोषणा

एसटीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक माइकवरून गाडीचे गाव, मार्ग आणि फलाट सांगतो, त्याला उद्घोषणा म्हणतात. रेल्वे स्थानकावर बहुतेक सूचना आधी ध्वनिमुद्रित केलेल्या तुकड्यांतून जुळवल्या जातात. बसस्थानकावर मात्र माणूस त्या क्षणी बोलतो, म्हणून शब्दांची निवड आणि थांबे यांवर बरेच अवलंबून असते.

आवाज लहान असतो म्हणून उद्घोषणा कळत नाही असे सहसा नसते. तो एकमेकांत मिसळतो म्हणून ती कळत नाही. स्लॅब, फरशी आणि भिंतींवर आपटून प्रत्येक अक्षराची शेपूट मागे रेंगाळते आणि पुढच्या अक्षरावर पडते. शिवाय दोन भोंगे लांब लांब असले तर तोच शब्द दोनदा ऐकू येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे एक भोंगा दुसऱ्यापेक्षा 34 मीटर दूर असला तर त्याचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. आवाज वाढवला की ही शेपूटही तेवढीच वाढते. ओरडल्याने तर नुकसानच होते: स्वर मोठे होतात, स, त, थ यांसारखी व्यंजने मागे राहतात आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागून आवाज फाटतो.

माइक तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला धरावा. अगदी समोर धरला तर प, फ, भ यांचा फुंकर माइकवर आदळतो. आणि ‘फलाट’, ‘परभणी’, ‘परळी’ हे रोजचे शब्द याच अक्षरांनी सुरू होतात.

बीडच्या स्थानकावरून पाथरी आणि पाथर्डी अशा दोन गाड्या सोडायच्या आहेत असे समजू. पाथरी परभणी जिल्ह्यात, पाथर्डी अहिल्यानगर जिल्ह्यात; चुकीच्या गाडीत बसलेला प्रवासी उलट्या दिशेला जातो. दोन्ही नावांत फरक एवढ्याशा ‘डी’चा, आणि गोंगाटात नेमका तोच बुडतो. अशा वेळी गावाचे नाव एकटे कधीही सोडू नये, त्याला मार्गाची जोड द्यावी:

‘प्रवाशांनी लक्ष द्यावे. (एक सेकंद थांबा) पाथरी. माजलगावमार्गे पाथरी. (थांबा) फलाट क्रमांक चार. चौकशी खिडकीसमोर, फलाट चार.’

‘लक्ष द्यावे’ हे शब्द बुडण्यासाठीच असतात. तेवढ्यात लोकांचे कान वळतात. त्यानंतर लगेच गाव येते, कारण प्रवासी आपल्या गावाच्या नावाचीच वाट पाहत असतो. ते ऐकल्यावरच तो पुढचे ऐकतो. ‘पाथरीला जाणारी बस ही फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे’ या वाक्यात फलाट शेवटाकडे जातो, आणि मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी आवाज आपोआप उतरतो. म्हणून ‘लागलेली आहे’ गाळावे आणि आकडा नावाइतक्याच ठाम आवाजात संपवावा.

थांबा शब्दसमूहानंतर घ्यावा. प्रत्येक शब्दानंतर थांबले की वाक्य तुटते आणि ऐकणाऱ्याला धागा सापडत नाही. नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडा कमी वेग पुरतो.

आकड्यांत ‘सात’ आणि ‘आठ’ सर्वांत दगा देतात, कारण दोन्हींत ‘आ’ तेवढा उरतो. तिथे जागेची खूण जोडावी. गाडीचा क्रमांक 3947 असेल तर ‘तीन, नऊ, चार, सात’ असा सुटा वाचावा. ‘एकोणचाळीस सत्तेचाळीस’ म्हटले तर लांबून दोनदा ‘चाळीस’ एवढेच कानी पडते.

उद्घोषणा तीन-चार सेकंदांनी पुन्हा करावी आणि शब्द तेच ठेवावेत. पहिल्या वेळी अर्धवट ऐकलेला माणूस दुसऱ्या वेळी राहिलेली जागा भरून घेतो. वाक्यरचना बदलली तर त्याला ते भरता येत नाही. मध्येच हॉर्न वाजला तर थांबावे आणि त्या शब्दसमूहाच्या सुरुवातीपासून पुन्हा बोलावे. आषाढी किंवा दिवाळीच्या जादा गाड्यांच्या वेळी गर्दी सतत बदलते, म्हणून गाडी सुटेपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी तीच सूचना द्यावी.

चूक झाली तर ‘पाथर्डी नाही, पाथरी’ असे म्हणू नये. कित्येकांना त्यातले ‘पाथर्डी’च ऐकू येते. ‘दुरुस्ती’ एवढा शब्द उच्चारून पूर्ण बरोबर उद्घोषणा दोनदा करावी.

मॉलमध्ये छतात लहान स्पीकर जवळजवळ बसवलेले असतात, त्यामुळे घुमणे कमी त्रास देते. तिथे बोलण्याआधी संगीत पूर्ण बंद करणे महत्त्वाचे. हरवलेल्या मुलाचे वर्णन माइकवरून सांगू नये. पालकांच्या नावाने त्यांना मदत कक्षात बोलवावे.

उद्घोषणा कुठे बिघडते ते खिडकीवर येणाऱ्या प्रश्नांवरून कळते. ‘कोणती लागली?’ असे विचारणारे जास्त आले तर गावाचे नाव बुडाले, ‘कितीवर?’ विचारणारे आले तर शेवट उतरला. सगळे एकाच टोकाकडून येत असतील तर त्या बाजूचा भोंगा तपासावा.