‘काही विशेष नाही, घरीच होते’: यावर काय लिहायचं?

डेटिंग अ‍ॅपवर मॅच होतं, थोडं इकडचंतिकडचं बोलून होतं आणि एक दिवस प्रश्न जातो, ‘वीकेंड कसा गेला?’ उत्तर येतं, ‘काही विशेष नाही. घरीच होते. कपाट आवरलं, झोप काढली.’ त्यावर आपण ‘अरे वा, छान!’ लिहितो आणि गप्पा तिथेच थंडावतात. मग वाटतं, समोरच्या व्यक्तीकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच. माझ्या मते दोष त्या वीकेंडचा नाही, ‘छान’चा आहे.

हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अमेरिकी अभ्यासकांनी रोजच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं शब्द न् शब्द उतरवून तपासली. बोलणं बहुतेक वेळा जोड्यांनी चालतं, असं त्यांना दिसलं: प्रश्नामागे उत्तर, आमंत्रणामागे होकार किंवा नकार. जोडी पुरी झाली की ‘बरं’, ‘ओके’, ‘छान’ असा एखादा छोटा शब्द येतो आणि तो विषय मिटतो. समोरासमोर त्याने काही बिघडत नाही, कारण दोघं तिथेच असतात आणि पुढचा विषय आपोआप निघतो. चॅटमध्ये विषय मिटला की माणूस फोन खाली ठेवतो.

सॅक्स यांचं आणखी एक निरीक्षण इथे लागू पडतं. माणसं आपला दिवस मुद्दाम साधा करून सांगतात, साधं दिसण्यासाठी चक्क मेहनत घेतात, असं ते म्हणत. म्हणजे ‘काही विशेष नाही’ हा त्या दोन दिवसांचा अहवाल नसतो, ती बोलण्याची रीत असते. आणि वरच्या मेसेजमध्ये तर रीत पाळून झाल्यावर कपाटाचा उल्लेखही आला आहे. विचारलेलं नसताना दिलेला तो तपशील हेच खरं भांडवल.

साध्या विषयाला कमी लेखायचं कारणही नाही. मानसशास्त्रज्ञ गस कूनी आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की सांगणाऱ्याला नवलाईचे अनुभव सांगावेसे वाटतात, पण ऐकणारे परिचित गोष्टींत जास्त रमतात. कधी न पाहिलेल्या जागेचं वर्णन डोळ्यांपुढे उभं राहत नाही. कपाट मात्र सगळ्यांनी आवरलेलं असतं.

मग तिसरा मेसेज कसा असावा? हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2017 मध्येच एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांना 15 मिनिटं चॅट करायला सांगितलं. काहींना किमान नऊ प्रश्न विचारायचे होते, काहींना जास्तीत जास्त चार. जास्त प्रश्न विचारणारे समोरच्याला अधिक आवडले. आवडण्यामागे मुख्य वाटा होता तो नुकत्याच सांगितलेल्या गोष्टीला धरून विचारलेल्या प्रश्नांचा. स्पीड डेटिंगमध्येही असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाले.

आता कपाटाकडे येऊ. ‘मी पण आवरलं, माझं तर तीन महिने…’ असं लिहिलं तर विषय आपल्याकडे ओढला जातो. ‘तुझे छंद काय?’ हा प्रश्न खरा, पण त्याने कपाट वाऱ्यावर सुटतं. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘कपाट आवरताना मी निम्मा वेळ जुन्या वस्तू बघत बसतो. तुला काही सापडलं का, जे टाकवलं नाही?’ पहिल्या वाक्यात स्वतःचं थोडं दिलं आहे, त्यामुळे प्रश्न चौकशीसारखा वाटत नाही. दुसऱ्या वाक्याचं उत्तर नुसतं ‘हो’ आलं तरी ‘काय?’ विचारायला जागा राहते.

समजा उत्तर आलं, ‘हो ना, कॉलेजमधल्या नाटकाचा मुकुट! पुठ्ठ्याचा.’ इथे पुष्कळांना कॉलेजवर उडी मारावीशी वाटते: कुठलं, कोणती शाखा? ते नको. उद्गारचिन्ह मुकुटापाशी आहे, तेव्हा विचारायचं तेही मुकुटाबद्दलच: ‘म्हणजे राणी होतीस? की मुकुट दुसऱ्याचा आणि लाटलास तू?’ थोडी चेष्टा, एक चुकू शकणारा अंदाज. चुकीचा अंदाज दुरुस्त करायला माणसं हौसेने लिहितात, कोऱ्या ‘का?’पेक्षा नक्कीच जास्त. (‘का?’ तर उगाच जाब विचारल्यासारखा वाटतो.)

याच पद्धतीचा अतिरेकही होतो. लागोपाठ तीन प्रश्न गेले आणि मधे आपलं काहीच आलं नाही, तर ती मुलाखत होते. उत्तरं आखूड होत जातात, हे तिचं पहिलं लक्षण. मग प्रश्न थांबवून आपल्या वीकेंडमधलं एखादं बारीकसं काही सांगावं. त्यावर उलट प्रश्न आला किंवा न विचारलेला तपशील आला, तर गाडी रुळावर आहे. दोनदा नुसतं ‘हाहा’ आलं तर मात्र त्या व्यक्तीला आज बोलायचं नाही किंवा आपल्याशी बोलायचं नाही. यातलं कोणतं खरं, हे चॅटवरून कळत नाही, आणि आणखी एक चतुर प्रश्न पाठवूनही कळणार नाही. दोनेक दिवस जाऊ द्यावेत, एकदा साधा मेसेज करून पाहावा, आणि त्यालाही उत्तर आलं नाही तर सोडून द्यावं.