सात क्लिक दिले, तरी गोळी खालीच

"ताई, मोजून सात क्लिक वर दिले, तरी ग्रुप खालीच पडतोय."

ऐरोलीची ही मुलगी पॉइंट टू-टू रायफलला स्कोप लावून ५० मीटरवर सराव करत होती. तिचं मोजमाप बरोबर होतं आणि हातही स्थिर होता. पाच गोळ्यांची छिद्रं, म्हणजेच तिचा ग्रुप, एकमेकांजवळ होती आणि त्यांचा मध्य काळ्या बिंदूच्या खाली होता. घोटाळा होता तो तिच्या स्कोपमधल्या दोन मापांचा.

स्कोपमधून दिसणाऱ्या रेटिकलवरच्या, म्हणजे नेम धरायच्या रेघांवरच्या, खुणा मिलच्या, म्हणजे मिलिरेडियनच्या होत्या. नेम सरकवण्यासाठी क्लिक-क्लिक फिरवायच्या वरच्या फिरकीवर, जिला आपण टरेट म्हणतो, मात्र एका क्लिकला पाव एमओए, म्हणजे पाव मिनिट ऑफ अँगल, असं कोरलेलं होतं. जुन्या आणि स्वस्त स्कोपमध्ये अशी जोडी बऱ्याचदा सापडते.

दोन्ही मापं कोनाचीच आहेत. एका अंशाचे साठ भाग केले की एक एमओए मिळतो. मिलिरेडियन समजायला पाम बीच मार्गावरच्या एखाद्या सरळ टप्प्यावर उभे आहोत असं धरा. एक किलोमीटरवर उभ्या केलेल्या एक मीटर उंचीच्या काठीचा पाया आणि टोक आपल्या डोळ्याशी जो कोन करतात, तो एक मिल. अंतराचा हजारावा भाग, एवढंच लक्षात ठेवायचं. त्यामुळे १०० मीटरवर एक मिल म्हणजे १० सेंटिमीटर आणि ५० मीटरवर ५ सेंटिमीटर. एमओए याहून बराच लहान असतो. १०० मीटरवर तो २.९ सेंटिमीटर भरतो, म्हणून एका मिलमध्ये साधारण ३.४४ एमओए बसतात.

आता तिचा हिशोब पाहू. रेटिकलमध्ये ग्रुपचा मध्य बिंदूच्या ०.७ मिल खाली दिसत होता, म्हणजे कागदावर साडेतीन सेंटिमीटर. मिलच्या टरेटवर एक क्लिक बहुधा ०.१ मिलचा असतो आणि तिने तोच धरून सात क्लिक दिले होते. पण तिच्या टरेटचा क्लिक पाव एमओएचा, म्हणजे ५० मीटरवर जेमतेम ३.६ मिलिमीटरचा. सात क्लिकमध्ये ग्रुप अडीच सेंटिमीटर वर आला आणि सुमारे एक सेंटिमीटर खालीच राहिला. खरं तर ०.७ ला ३.४४ ने गुणायचं, की २.४ एमओए येतात. पाव एमओएच्या क्लिकने त्याचे साडेनऊच्या थोडे वर होतात, म्हणजे दहा. सात देऊन झाले होते, आणखी तीन बाकी होते.

रेटिकल आणि टरेट दोन्ही एकाच मापात असते, तर हे गुणाकार लागलेच नसते. अंतर माहीत असण्याचीही गरज नव्हती. चूक ०.७ मिल दिसली की ०.७ मिल फिरवायचं, मग कागद ५० मीटरवर असो वा ३०० वर. चूकही कोनात मोजलेली आणि दुरुस्तीही कोनात, म्हणून मधलं अंतर आपोआप गळून जातं. म्हणूनच नवा स्कोप घेणाऱ्याला मी मिल की एमओए हा वाद बाजूला ठेवायला सांगते. दोन्हीकडे एकच माप आहे ना, तेवढं आधी पाहा.

दिशेबद्दलही गोंधळ होतो. फिरकीवरचा बाण गोळी कुठे सरकेल ते दाखवतो. ग्रुप खाली असेल तर "अप" कडे फिरवायचं, उजवीकडे असेल तर डावीकडे.

रेटिकलने मोजताना एक सापळा मात्र आहे. अनेक झूम स्कोपमध्ये झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं. अशा स्कोपच्या खुणा एकाच झूमवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. बारा पटीवर खरी असलेली एक मिलची खूण सहा पटीवर दोन मिल झाकते, आणि ०.७ मिलची चूक ०.३५ दिसते. पडताळा सोपा आहे. ५० मीटरवर १० सेंटिमीटरची पट्टी लावा. ती बरोबर दोन मिल भरली पाहिजे. टरेटच्या क्लिकवर झूमचा काहीच परिणाम होत नाही.

आणि हे सगळं ग्रुपच्या मध्यावरून करायचं, एका गोळीवरून कधीच नाही. प्रत्येक गोळी थोडी इकडेतिकडे जातेच. एकेका छिद्रामागे फिरकी फिरवत गेलं, की तो विखुरलेपणा आपणच वाढवतो. छिद्रं आडवी दोन सेंटिमीटर पसरली असतील आणि मध्य तीन मिलिमीटर बाजूला असेल, तर दोष स्कोपचा धरू नये. आधी खांदा, श्वास आणि ट्रिगर तपासावा.

तिने आणखी तीन क्लिक दिले आणि पाच गोळ्या झाडल्या. मध्य बिंदूच्या दीड-दोन मिलिमीटर वर आला. एका क्लिकचीही ती चूक नव्हती, म्हणून फिरकीला पुन्हा हात लावला नाही.