गृहपाठ झाला, पण बाईंपर्यंत पोहोचलाच नाही

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणारी अवस्था. ती असलेल्या किशोरवयीन मुलांचे पालक एक गोष्ट वैतागून सांगतात: 'अभ्यास केलेला असतो हो, पण वही द्यायचीच राहून जाते.' शिक्षकांना हे पटत नाही. ज्याने तासभर बसून गणितं सोडवली, तो वही टेबलावर ठेवायला कसा विसरेल? पण एक्झिक्युटिव्ह फंक्शन कोचिंग, म्हणजे ठरवलेलं काम वेळेत पार पाडायला शिकवणारं मार्गदर्शन, समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गृहपाठ म्हणजे एक काम नव्हे. तो वर्गात नीट लिहून घ्यावा लागतो, त्यासाठी लागणारं पुस्तक घरी यावं लागतं, मग सुरुवात करायची, पूर्ण करायचं, केलेलं दप्तरात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी योग्य क्षणी बाहेर काढायचं. या प्रत्येक टप्प्यावर आधी ठरवलेली गोष्ट मध्ये दुसरं काहीतरी घडत असताना मनात धरून ठेवावी लागते. ती धरून ठेवणं, समोरच्या मोहाला आवर घालणं, वेळेचा अंदाज घेणं आणि कामांचा क्रम लावणं या क्षमतांना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. त्यांत मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी 2007 मध्ये मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा मेंदूच्या बाह्य थराची जाडी इतर मुलांमध्ये सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहाच्या सुमारास कमाल पातळीला पोहोचल्याचं दिसलं. हा उशीर पुढच्या भागात सर्वांत जास्त होता. ही सरासरी आहे, तिच्यावरून एखाद्या मुलाचं निदान होत नाही. पण नववीतल्या मुलाकडून नववीतली शिस्त मागताना ती लक्षात असावी.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांचं म्हणणं असं, की एडीएचडीमध्ये अडचण माहितीची नसते, माहीत असलेलं योग्य वेळी करण्याची असते. म्हणून वेळेचं नियोजन कसं करावं यावर व्याख्यान देऊन काही होत नाही. मुलाला ते सगळं तोंडपाठ असतं. मदत पोहोचायला हवी ती काम जिथे आणि ज्या क्षणी अडतं, तिथे.

आता 15 वर्षांच्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातलं काहीच दुर्मीळ नाही. गेल्या दोन आठवड्यांत तिच्या नावावर नऊ गृहपाठ 'दिलेले नाहीत' म्हणून लागले आहेत. चांगला कोच लगेच नवी डायरी तिच्या हातात देत नाही. तो तिला शेजारी बसवून दप्तर रिकामं करायला सांगतो आणि नऊपैकी प्रत्येक काम नेमकं कुठे तुटलं ते तिच्याकडूनच शोधून घेतो. चार पूर्ण झालेले आहेत. दोन दुसऱ्याच विषयाच्या वहीत दुमडलेले, एक तळाशी चुरगळलेला, एक घरीच राहिलेला. तीन लिहूनच घेतले नव्हते. दोनच असे, जे माहीत असून सुरू झाले नाहीत. घरात मात्र सगळा जोर 'अभ्यासाला बस' यावर होता, म्हणजे नवातल्या दोनांवर.

त्यामुळे पहिला उपाय अगदी साधा. सगळ्या विषयांसाठी एकच फोल्डर, त्याला दोन कप्पे: 'करायचं' आणि 'द्यायचं'. पान पूर्ण झालं की जागेवरून उठण्याआधी ते 'द्यायचं'मध्ये जातं. सोबत जर-तर स्वरूपाचं एक वाक्य, मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं: 'वर्गात बाकावर बसले की आधी फोल्डर उघडायचं.' जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा नियमांचा बराच अभ्यास केला आहे. आठवण ठेवण्याचं ओझं मनावरून उतरून समोरच्या एका ठरावीक खुणेवर जातं. 'मी आता काळजी घेईन' या निश्चयाला अशी खूणच नसते. पहिले दोन आठवडे कोच एवढंच पाहतो. एकाच वेळी डायरी, ॲप, रंगीत पेनं आणि वेळापत्रक सुरू केलं की चारही बंद पडतात.

मग वेळेकडे वळायचं. एडीएचडीमध्ये वेळ जणू दोनच प्रकारची असते, 'आत्ता' आणि 'आत्ता नाही'. 18 दिवसांनी द्यायचा प्रकल्प दुसऱ्या प्रकारात पडतो आणि सतराव्या रात्री अचानक पहिल्यात येतो. यावर कोच उलट्या दिशेने आखणी करायला शिकवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलगी अठराव्या दिवसावर खूण करते, मग सोळाव्यावर स्वतःची तारीख टाकते. चौदाव्यापर्यंत कच्चा मसुदा, नवव्यापर्यंत टिपणं, तिसऱ्यापर्यंत विषय. आजचं काम 'प्रकल्प सुरू करणं' असं लिहायचं नाही. 'पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून आवडलेले तीन विषय कागदावर उतरवणं, 15 मिनिटं' असं लिहायचं. मन लावून बसलं तरी पहिली कृती कोणती हेच ठाऊक नसेल, तर सुरुवात होत नाही आणि बाहेरून तो आळस वाटतो.

याच्या जोडीला अंदाजांची वही. प्रत्येक कामाआधी किती मिनिटं लागतील ते लिहायचं, नंतर घड्याळ पाहून खरी मिनिटं. गणिताला 20 लिहिलेली असतात आणि लागतात 50, तर नकाशाला तासभर धरलेला असतो आणि तो 10 मिनिटांत संपतो. ज्याला ती दोन दिवस घाबरत होती, ते काम एवढंसं निघालं हे तिला स्वतःच्या अक्षरात दिसतं. माझ्या मते सगळ्या साधनांत हे सर्वांत मोलाचं आहे, कारण इथे कोणी तिला काही पटवून देत नाही.

कोचिंग फसतंय हे ओळखायचं कसं? डायरीतल्या सगळ्या नोंदी भेटीच्याच दिवशी, एकाच पेनने भरलेल्या दिसल्या तर साधन मधल्या दिवसांत पोहोचलेलं नाही. मग साप्ताहिक भेट लांबवण्यापेक्षा रोजचा दोन मिनिटांचा फोन उपयोगी पडतो. दुसरी खूण अधिक फसवी असते. गृहपाठ वेळेवर जाऊ लागतो, पण कारण एवढंच की आई रोज रात्री फोल्डर तपासते. ती आजारी पडली की सगळं कोसळतं. म्हणून आईने 'झालं का?' विचारण्याऐवजी 'फोल्डर दाखवतेस?' म्हणावं, आणि काही आठवड्यांनी तेही रोजऐवजी दोन दिवसांनी.

अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोशुआ लँगबर्ग आणि सहकाऱ्यांनी शाळेतच घेण्याजोगा असा एक कार्यक्रम तयार केला, जेमतेम 20 मिनिटांच्या 16 भेटींचा. 2012 च्या चाचणीत पालकांना मुलांच्या नियोजनात आणि गृहपाठात स्पष्ट सुधारणा दिसली, शिक्षकांच्या नोंदींत मात्र तेवढी नाही. औषधाने लक्ष टिकायला मदत होते, पण फोल्डरची सवय ते लावत नाही. उलट औषधाची गरज असताना फक्त कोचिंगवर विसंबणंही बरोबर नाही. आणि वाचनातली अडचण, चिंता किंवा अपुरी झोप हे मूळ कारण असेल, तर कितीही सुबक फोल्डर रिकामाच राहतो. त्याची तपासणी डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाने करायची असते, कोचने नाही.

आधार काढून घेताना एका वेळी एकच गोष्ट काढावी: आधी रोजचा फोन, मग साप्ताहिक भेट पंधरवड्याची, शेवटी पालकांची तपासणी. प्रत्येक पायरीनंतर न दिलेल्या गृहपाठांचा आकडा दोन-तीन आठवडे पाहावा आणि तो वाढू लागला तर एक पायरी मागे यावं. शाळा बदलली किंवा परीक्षा तोंडावर आली की असं मागे यावं लागतंच, आणि हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगून ठेवलेलं बरं.