स्नूझ केलेली सूचना कुठे थांबते?

अँड्रॉइड फोनवर आलेली सूचना काही वेळ नजरेआड ठेवून ती ठरलेल्या वेळी पुन्हा समोर आणण्याची ‘स्नूझ’ ही सोय 2017 मध्ये अँड्रॉइड 8 सोबत आली. ही सोय कोणती ॲप देतात, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. पण स्नूझ ही ॲपची नव्हे, तर अँड्रॉइडची स्वतःची सोय आहे, त्यामुळे त्यासाठी ॲपच्या परवानगीची गरज नसते. अपवाद आहे तो चालू कामाच्या सूचनांचा. मार्गदर्शन करणारा नकाशा किंवा सुरू असलेला कॉल यांची सूचना म्हणजे पार्श्वभूमीवर काम चालू असल्याची खूण असते आणि ती लपवता येऊ नये, म्हणून तिथे स्नूझचे बटण येत नाही. मला हे बंधन योग्यच वाटते.

बऱ्याच फोनवर ही सोय मुळात बंद असते. पिक्सेल फोनवर Settings, मग Notifications आणि तिथे Allow notification snoozing हे बटण चालू करावे लागते. सॅमसंगवर ते Notifications मधल्या Advanced settings मध्ये असते. त्यानंतर सूचना खाली ओढून मोठी केली की घड्याळाचे चिन्ह दिसते. ते दाबले की साधारणतः 1 तासाची मुदत लागते आणि तिथेच 15 मिनिटे, 30 मिनिटे किंवा 2 तास हे पर्याय निवडता येतात.

आता एक उदाहरण घेऊ. दुपारी 2 वाजून 5 मिनिटांनी आत्याचा निरोप आला, ‘साडेचारला दादरला पोहोचते, घ्यायला ये.’ तुम्ही बैठकीत आहात, म्हणून तो 2 तासांसाठी स्नूझ केला. 2 वाजून 40 मिनिटांनी तिने पुन्हा लिहिले, ‘आधीची गाडी मिळाली, साडेतीनलाच येते.’ चॅटची ॲप सहसा एका व्यक्तीशी चाललेल्या संभाषणासाठी एकच सूचना ठेवतात आणि नवा निरोप आला की तीच बदलतात. स्नूझमध्ये असलेली सूचना बदलली तरी ती मुदतीआधी वर येत नाही. नवा मजकूर आत साठतो आणि 4 वाजून 5 मिनिटांनी दोन्ही निरोप एकदम दिसतात. तोवर आत्या स्थानकावर ताटकळत उभी असते. म्हणून ज्या संभाषणात बेत बदलण्याची शक्यता आहे, तिथे 15 मिनिटांहून अधिक मुदत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उलट प्रकारही घडतो. मधल्या वेळात तुम्ही ते संभाषण ॲपमध्ये किंवा संगणकावर वाचले, तर ॲप आपली सूचना मागे घेते आणि स्नूझ केलेली सूचना परत येतच नाही. फोन बंद करून पुन्हा सुरू केला, तरी ॲपने ती नव्याने पाठवल्याशिवाय ती परतत नाही. अँड्रॉइड 11 पासून Notification history हे पान आहे; ते आधी चालू करून ठेवले असेल, तर स्नूझमध्ये थांबलेल्या सूचना त्याच्या वरच्या भागात वेगळ्या दिसतात.